३ वॅटची एलईडी करंट-कंट्रोल सर्किटवर चालते, पण ट्रान्झिस्टर हात लावू देईना

आखाडा_जिंतूर

नमस्कार मंडळी. आमचा आखाडा जिंतूरपासून जरा आतमध्ये आहे, रात्री हरभऱ्यात रानडुकरं घुसायलीत म्हणून शेडच्या पुढं दणकट उजेड पाहिजे. थ्री फेजचं काही खरं नसतं म्हणून सोलरवर चार्ज होणारी १२ व्होल्ट २६ अँपिअर-अवरची बॅटरी बसवलीय. त्यावर ३ वॅटची पांढरी एलईडी लावायची होती. नुसता रेझिस्टर लावला तर बॅटरी भरलेली असताना करंट जास्ती अन उतरली की उजेड कमी, म्हणून ऑप-अँपचं करंट सर्किट जोडलं.

जोडणी सांगतो. टीएल४३१ चे अडीच व्होल्ट १० के आणि १.५ के नं तोडून ०.३२५ व्होल्ट केले, ते एलएम३५८ च्या प्लस पिनला. ३५८ चं आउटपुट टीआयपी१२२ च्या बेसला, एमिटरला ०.४७ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला, त्याचं वरचं टोक ३५८ च्या मायनस पिनला. एलईडी बॅटरी प्लस आणि कलेक्टरच्या मधी. सगळं ब्रेडबोर्डवर आहे अजून.

आता दोन गोष्टी. एक, हिशोबानं ६९० मिलिअँपिअर यायला पाहिजे, मीटर दाखवतंय ६१०. दोन, ट्रान्झिस्टर लई म्हणजे लईच तापतोय. पाठीला इंचभर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आहे तरी दोन मिनिटांत बोट टेकवता येईना. एलईडी तर मस्त चालू आहे. सर्किटमधी काय चुकलं असंल?

सोल्डरगन_नांदेड

दादा, तापण्याच्या बाबतीत सर्किट काहीच चुकलेलं नाही, ते जे करायला पाहिजे तेच करायलंय. बॅटरी १२.६, एलईडीला लागतात साधारण ३.२, सेन्स रेझिस्टरवर ०.३. उरलेले नऊ व्होल्ट कुठं जाणार? ते ट्रान्झिस्टरवरच पडतात, त्यातून ०.६१ अँपिअर जातो म्हणजे साडेपाच वॅट. एलईडी खातेय दोन वॅट आणि ट्रान्झिस्टर साडेपाच. इंचभर पट्टीनं ते निघणार नाहीत.

करंटचा घोळ वेगळा आहे. ब्रेडबोर्ड म्हणालात म्हणून विचारतो, रेझिस्टरच्या दोन्ही पायांवरच मीटरच्या पिना टेकवून मिलिव्होल्ट बघा, आणि मग ३५८ च्या मायनस पिनपासून ग्राउंडपर्यंत बघा. दोन्ही आकडे इथं टाका.

पॉली_जालना

टीआयपी१२२ डार्लिंग्टन आहे ना, त्याच्यात एक व्होल्ट तर असाच जातो, म्हणून तापतोय. त्याजागी मॉस्फेट टाका, आयआरएफझेड४४एन. त्याचा ऑन रेझिस्टन्स १७.५ मिलिओहम आहे. ०.७ चा वर्ग गुणिले ०.०१७५ म्हणजे नऊ मिलिवॅटपण होत नाहीत. हीटसिंकचीच गरज नाही. आमच्या प्रोजेक्टमधी मोटरला हाच वापरला होता, गार होता एकदम.

माजलगावची_मीरा

आमच्या घरी पण एलईडीचा असाच प्रॉब्लेम आहे, बल्ब बटन बंद केलं तरी रात्रभर मंद लुकलुकतो. ह्या ट्रान्झिस्टरनं तो थांबेल का?

काका_दुरुस्ती_लातूर

मीराताई, तुमचं प्रकरण २३० व्होल्टचं आहे, ह्याच्याशी संबंध नाही. बहुतेक बटन फेजच्या ऐवजी न्यूट्रलमध्ये जोडलंय, नाहीतर बटनात छोटा इंडिकेटर आहे त्यातून जरासा करंट झिरपतोय. वायरमनला बोलवा, टेस्टरनं बघायला सांगा. न्यूट्रल तुटत असंल तर बल्ब बदलताना होल्डरला फेज असतो, म्हणून ते आधी सरळ करून घ्या.

जिंतूरकर, माझ्याकडं जुन्या स्टॅबिलायझरमधले २एन३०५५ पडलेत ढिगानं, मोठं लोखंडी बूड असतं त्याला. ते लावा, तापायचं नाव नाही.

सोल्डरगन_नांदेड

पॉली, तुझा हिशोब मोटरसाठी बरोबर आहे, इथं नाही. मोटरला तू मॉस्फेट पूर्ण उघडत होतास, गेटला दहा-बारा व्होल्ट, मग तो १७.५ मिलिओहमचा रेझिस्टरच होतो. इथं ऑप-अँप त्याला पूर्ण उघडू देतच नाही. ०.७ अँपिअरच्या वर करंट गेला की गेट खाली ओढतो. म्हणजे मॉस्फेट अर्धवट उघडा राहून उरलेले सगळे व्होल्ट स्वतःवर घेतो. डेटाशीटमधला ऑन रेझिस्टन्स ह्या हिशोबात येतच नाही.

काका, २एन३०५५ ची तीच गोष्ट. वॅट तेवढेच राहतात, बूड मोठं म्हणून तापमान कमी चढेल एवढंच. शिवाय त्याचा गेन कमी. ०.७ अँपिअरला बेसमधून दहा-वीस मिलिअँपिअर मागू शकतो, तो बेसचा करंटपण सेन्स रेझिस्टरमधूनच जातो पण एलईडीतून जात नाही. ऑप-अँप एमिटरचा करंट सांभाळतो, एलईडीला तेवढा कमी पोचतो. दोन-तीन टक्क्यांचा फरक, डोळ्याला दिसणार नाही, पण ३५८ ला उगीच ओझं. डार्लिंग्टनमध्ये ही अडचण नव्हती, मॉस्फेटमध्ये तर गेटला करंटच नाही.

मुद्दा हा आहे की ट्रान्झिस्टर कोणताही घाला, उष्णता ठरते उरलेल्या व्होल्टवर:

```
P = (Vbat - Vled - Vsense) * I
1 LED,  12.6 V : (12.6 - 3.2 - 0.33) * 0.69 = 6.3 W
3 LED,  12.6 V : (12.6 - 9.6 - 0.33) * 0.69 = 1.8 W
3 LED,  14.4 V : (14.4 - 9.6 - 0.33) * 0.69 = 3.1 W
```

म्हणून इलाज ट्रान्झिस्टरमध्ये नाही, एलईडीच्या संख्येत आहे. तशाच तीन एलईडी एकापाठी एक सिरीजमध्ये जोडा. बॅटरीतून जाणारा करंट तेवढाच राहतो, ०.६९ चा ०.६९, आणि उजेड तिप्पट. आज तुम्ही एका एलईडीसाठी जेवढी बॅटरी उतरवताय तेवढ्यातच तीन चालतील.

फक्त विकत घ्यायच्या आधी तुमच्या एलईडीवरचे व्होल्ट चालू असताना मोजा. स्वस्तातल्या काही एलईडी ह्याच करंटला ३.६ पण खातात. मग तीनचे १०.८ झाले, त्यात सेन्सचे ०.३३, बॅटरी ११ च्या आसपास आली की संपलं.

आखाडा_जिंतूर

हे तर डोक्यातच आलं नव्हतं की तीन लावल्या तरी बॅटरी तेवढीच जाणार. मोजले, माझ्या एलईडीवर ३.१८ येतात.

आणि तुम्ही सांगितलेले आकडे: मायनस पिनपासून ग्राउंडला ३२५ मिलिव्होल्ट. रेझिस्टरच्या पायांवर २८८.

सोल्डरगन_नांदेड

मग उत्तर मिळालं. २८८ भागिले ०.४७ म्हणजे ६१३, तुमच्या मीटरशी जुळलं. मधले ३७ मिलिव्होल्ट ब्रेडबोर्डच्या भोकांत आणि जंपर वायरमध्ये जायलेत. सहा शतांश ओहम आहे तो सगळा मिळून, पण ०.४७ च्या शेजारी तो मोठाच. ऑप-अँपला वाटतं ०.५३ ओहमचा रेझिस्टर आहे.

सोल्डर करताना मायनस पिनची तार रेझिस्टरच्या पायाच्या बुडाशीच लावा. टीएल४३१ आणि १.५ के चं ग्राउंडपण रेझिस्टरच्या खालच्या पायावर आणा, तिथून एकच जाड वायर बॅटरीला. मोठा करंट जाणारा रस्ता आणि मोजायचा रस्ता एका तारेत घालू नका.

धाराशिव_सोलर

एवढा कुटाणा कशाला म्हणतो मी. बाजारात बक ड्रायव्हरचं तयार मॉड्यूल मिळतं, ७०० मिलिअँपिअरचं. उष्णता नाही, हीटसिंक नाही, ८५-९० टक्के बॅटरी एलईडीला. लिनियर सर्किट म्हणजे बॅटरी जाळून शेकोटी करणं.

सोल्डरगन_नांदेड

एका एलईडीला तुमचं शंभर टक्के खरं, तिथं लिनियर १२.६ मधले ३.२ वापरतं, पावच भाग. पण तीन सिरीजमध्ये असल्या की १२.६ मधले ९.६ वापरले, ७६ टक्के. बक घातला तर बॅटरीतून ०.६९ च्या जागी ०.६ जाईल. दहा तासांच्या रात्रीत फरक एक अँपिअर-अवरच्या आत. २६ च्या बॅटरीवर त्यासाठी मी तरी बदलणार नाही. आणि हे सर्किट बिघडलं तर जिंतूरच्या दुकानात सगळे पार्ट मिळतात.

धाराशिव_सोलर

ढगाळ आठवडा लागला की एक अँपिअर-अवर पण मोजावा लागतो साहेब. पावसाळ्यात सोलरवाल्याला विचारा. मी बकवरच राहतो.

वैशाली_वाळूज

मी दिव्यांच्या टेस्टिंगमध्ये काम करते, म्हणून तापमानाचं थोडं लिहिते. ३.१ वॅट ऐकायला कमी वाटतात. पण टीओ-२२० चा पार्ट हीटसिंकशिवाय उभा केला तर एका वॅटला साधारण ६२ अंश चढतो. ३.१ वॅटला १९० च्या वर चढेल, आणि तेही बाहेरच्या तापमानाच्या वर. आयआरएफझेड४४एन ची आतल्या चिपची मर्यादाच १७५ आहे. म्हणजे हीटसिंक लागणारच.

किती मोठं? आपल्याकडं मे महिन्यात सावलीत ४२-४३ असतं, पत्र्याची पेटी उन्हात असंल तर आत ६० धरा. चिप ११० च्या वर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं तर हातात राहिले ५० अंश. ५० भागिले ३.१ म्हणजे वॅटला १६ अंश. त्यातले चिपपासून पाठीपर्यंत दीड जातात, अभ्रक आणि पेस्टमध्ये एक धरा. उरले साडेतेरा. म्हणजे वॅटला १३ अंश किंवा त्याहून कमी चढणारं हीटसिंक पाहिजे, जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधली पंख्यांची अ‍ॅल्युमिनियम प्लेट मोकळ्या हवेत बहुतेक पुरेल. पेटी गच्च बंद असंल तर मात्र प्लेट बाहेरच्या अंगाला लावा, आतली हवाच तापत गेली की हा सगळा हिशोब वर सरकतो.

पण खरी काळजी एलईडीची करा. तीन एलईडी मिळून साडेसहा वॅट खातात, त्यातला अर्ध्याहून जास्त भाग उष्णताच होतो. म्हणजे मॉस्फेटपेक्षा एलईडीच्या मागं जास्त उष्णता आहे आणि तिला सहन कमी होतं. हाताशी एकच चांगलं हीटसिंक असंल तर ते एलईडीला द्या.

अजून एक, एलईडी तापली की तिचे व्होल्ट कमी होतात, अंशाला दोन-चार मिलिव्होल्ट. तीन एलईडी पन्नास अंशांनी तापल्या तर जवळपास अर्धा व्होल्ट कमी, तो अर्धा व्होल्ट मॉस्फेटवर येतो, वर ०.३ वॅट. म्हणून थंड असताना मोजून समाधान मानू नका, अर्ध्या तासानं परत मोजा.

आखाडा_जिंतूर

ताई, पण लाईट रात्रीच लावणार, तेव्हा सोलर नसतंय. बॅटरी तर १२.७ च्या खालीच असते. मग १४.४ चा हिशोब कामून?

काका_दुरुस्ती_लातूर

पोरं दिवसा बटन चालू ठेवून जातात म्हणून. आमच्या दुकानात येणाऱ्या अशा जळक्या वस्तूंत अर्ध्या तरी दिवसा चालू राहिलेल्या असतात.

वैशाली_वाळूज

काका म्हणतात तेच. आणि १४.४ नेमकं दुपारीच असतं, पेटी सगळ्यात तापलेली तेव्हाच.

पॉली_जालना

सोल्डरगन सर, मग मॉस्फेटचा काहीच फायदा नाही का? उष्णता तेवढीच असंल तर टीआयपी१२२ च राहू द्यावा.

सोल्डरगन_नांदेड

फायदा आहे, पण दुसऱ्या टोकाला, बॅटरी उतरते तेव्हा. तीन एलईडीचे ९.६ आणि सेन्सचे ०.३३ मिळून ९.९३. टीआयपी१२२ ला ह्या करंटला एक व्होल्टच्या आसपास लागतोच, म्हणजे ११ च्या खाली करंट पडायला लागणार. मॉस्फेट १० व्होल्टपर्यंत ओढतो. तू म्हणालास तो एक व्होल्ट इथं कामाला येतो.

एक अट मात्र आहे. ३५८ चं आउटपुट सप्लायच्या दीड व्होल्ट खालीच थांबतं. बॅटरीवर चालवला तर गेटला नऊ-दहा मिळतात, भरपूर झाले. पण कुणी ३५८ ला ५ व्होल्ट दिले तर गेटला साडेतीनच, झेड४४एन ला काही नगांत तेवढ्यात नीट उघडताच येत नाही. तिथं आयआरएलझेड४४एन घ्यायचा.

आखाडा_जिंतूर

तीन एलईडी आणि झेड४४एन घालून पक्क्या बोर्डवर सोल्डर केलं. रेझिस्टरच्या पायांवर ३२४ मिलिव्होल्ट, करंट ६८९. मॉस्फेट प्लेटवर कोमट आहे. एलईडीच्या मागं पॉवर सप्लायची मोठी प्लेट.

पण नवीनच भानगड झाली. लाईट लावली की शेजारचा रेडिओ मीडियम वेव्हवर खरखर करायलाय, बंद केली की साफ. उजेड तर एकदम स्थिर आहे. मीटरपण हलत नाही.

सोल्डरगन_नांदेड

सर्किट ऑसिलेट व्हायलंय. मीटर सरासरी दाखवतं आणि सरासरी बरोबरच आहे, म्हणून ते काही सांगणार नाही, एवढ्या वेगाचं डोळ्यालाही दिसत नाही. स्कोप नसताना रेडिओच खरा. एलईडीचा करंट प्रत्यक्षात वरखाली उड्या मारतोय, सरासरी ०.६९ असली तरी वरचं टोक किती जातंय ते माहीत नाही, म्हणून असं चालू ठेवू नका.

कारण गेट. झेड४४एन च्या गेटला दीड हजार पिकोफॅरड आहेत. डार्लिंग्टनला हा भार नव्हता. ३५८ आधीच मंद, त्यात गेट भरायला उशीर, तोवर सेन्सचा निरोप जुना झालेला असतो, मग तो जास्त उघडतो, मग जास्त बंद करतो, असं चालूच राहतं.

तीन पार्ट लागतील. ३५८ आणि गेटच्या मधी १०० ओहम. सेन्सपासून मायनस पिनला सरळ तारेच्या जागी १ के. आणि ३५८ च्या आउटपुटपासून मायनस पिनला १ नॅनोफॅरड. हा कपॅसिटर १०० ओहमच्या अलीकडं, ३५८ च्या पिनवरच लावायचा, गेटच्या बाजूला नाही. वेगवान हालचाल गेटला वळसा घालून सरळ ऑप-अँपकडं परत येते आणि तो शांत होतो. सोबत ३५८ च्या सप्लाय पिनांवर ०.१ मायक्रो नसंल तर तोही घाला.

आखाडा_जिंतूर

घातले. रेडिओ साफ झाला.

पॉली_जालना

सेन्स रेझिस्टर ०.१ ओहमचा घेतला असता तर तिथला अजून पाव व्होल्ट वाचला असता ना?

सोल्डरगन_नांदेड

वाचला असता, पण मोजायला राहिले असते ७० मिलिव्होल्ट. ३५८ चा स्वतःचा ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो, म्हणजे दहा टक्के घोळ, आणि प्रत्येक आयसीला वेगळा. ०.४७ ला तोच घोळ दोन टक्के. तिथं वाया जातात पाव वॅटच्याही आत, एक वॅटचा रेझिस्टर घाला म्हणजे तापून त्याची किंमत बदलणार नाही.

काका_दुरुस्ती_लातूर

माझी एक जुनी पद्धत सांगतो. एलईडीच्या लाईनीत २.२ ओहम ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घाला. दीड व्होल्ट, म्हणजे एक वॅट तो खाईल, १४.४ ला मॉस्फेटवर ३.१ च्या जागी दोनच राहतील. सिमेंटवाला तापला तरी त्याला काही होत नाही. आणि बॅटरी साडेअकराच्या खाली गेली की उजेड आपोआप मंद होतो, बॅटरी मरत नाही.

धाराशिव_सोलर

काका, पहिलं पटलं, दुसरं नाही. मंद झाला तरी ओढतोच आहे ना, सकाळपर्यंत साडेदहावर आणून ठेवील. लेड-अ‍ॅसिडला ११ च्या आसपास पूर्ण तोडणारं वेगळं सर्किट पाहिजेच.

काका_दुरुस्ती_लातूर

तोडलं की अंधार, अन अंधारात डुकरं. शेतकऱ्याला मंद का होईना उजेड पाहिजे असतो.

वैशाली_वाळूज

जिंतूरकर, मॉस्फेटच्या पाठीचं विचारायचं राहिलं. झेड४४एन ची पाठ म्हणजे ड्रेन, ती एलईडीच्या मायनस टोकाला जोडलेली असते. अभ्रक घातलाय का? स्क्रूला प्लास्टिकची वायसर आहे का? प्लेट पत्र्याच्या पेटीला टेकली आणि पेटीला बॅटरीचं मायनस लागलेलं असलं, तर मॉस्फेट आणि सेन्स दोन्ही बाजूला पडतात आणि अख्खी बॅटरी तीन एलईडीवर येते. ऑप-अँप काहीच करू शकत नाही.

आखाडा_जिंतूर

अभ्रक आहे, स्क्रूला वायसर नाही, सरळ लोखंडी स्क्रू आहे. पेटीला मायनस जोडलेलं आहे.

वैशाली_वाळूज

मग अभ्रकाचा उपयोग नाही, स्क्रूतूनच जोडलं जाईल. बॅटरी काढा, मीटर बीपवर ठेवा, एक पिन मॉस्फेटच्या पाठीला, एक पेटीला. वाजलं तर वायसर बसेपर्यंत चालू करू नका.

आखाडा_जिंतूर

वाजलं. पण प्लेट अजून पेटीत बसवली नव्हती, बाहेर ठेवूनच चालवत होतो, आत्ता टेकवून बघितली तर वाजली. बाजाराच्या दिवशी वायसर आणतो. सिमेंटचा रेझिस्टरपण आणतो, आणि कट-ऑफचं धाराशिवकर दादा तुम्ही सर्किट टाका, ११ ला तुटून परत कितीला जोडायचं तेही सांगा.

धाराशिव_सोलर

उरलेलं अर्धं ३५८ रिकामंच आहे तुमचं, त्यातच होईल. परत जोडायचं १२.५ च्या वर ठेवा, नाहीतर लोड सुटला की बॅटरी वर येते आणि लाईट चालू-बंद खेळत बसते. उद्या टाकतो.

काका_दुरुस्ती_लातूर

आणि एक बटन त्याला बायपास करायला ठेवा.